सहीआधीचे ई-मेल, सहीनंतरचा कायदा

महाराष्ट्रात नवा फ्लॅट घेणाऱ्यासमोर जो विक्री करारनामा येतो, तो सहसा जाडजूडच असतो. सुरुवातीची पानं जमिनीच्या मालकीचा इतिहास सांगतात. मग किंमत येते, हप्त्यांचं वेळापत्रक येतं, ताब्याची तारीख येते. शेवटाकडे, वाचणाऱ्याचं लक्ष उडालेलं असताना, दोन-चार ओळींचं एक कलम येतं. त्याचा आशय असा असतो: हा करारनामा आणि त्याची परिशिष्टं मिळून जे होतं, तोच दोन्ही पक्षांमधला संपूर्ण करार. त्याआधीची समजूत, वाटपपत्र, पत्रव्यवहार, तोंडी किंवा लेखी ठरलेल्या गोष्टी, या सगळ्यांची जागा आता या करारनाम्याने घेतली आहे.

हे कलम कोणा बिल्डरच्या वकिलाने गुपचूप घुसडलेलं नाही. रेरा कायद्याखाली 2017 साली महाराष्ट्राने केलेल्या नियमांना जो नमुना करारनामा जोडला आहे, त्यातच ते आहे. त्यामुळे राज्यभरातल्या लाखो रुपयांच्या, कोटींच्याही व्यवहारांत ते येतं आणि सही करणाऱ्यांपैकी फार थोडे ते वाचतात. वाद झाला की मात्र पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवलं जातं. ग्राहक मोबाइलवरचा मेल पुढे करतो, बिल्डर या कलमाकडे बोट दाखवतो. मग प्रश्न उरतो तो हा की सहीच्या आधी दिलेला शब्द खरोखरच पुसला गेला का?

याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण सगळे शब्द एकाच जातीचे नसतात. एक कल्पित पण रोजच्या पाहण्यातलं उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात वाकडला एक जोडपं फ्लॅट बुक करतं. बुकिंगच्या आधी विक्री विभागाकडून त्यांना चार गोष्टी सांगितल्या जातात. पहिली मेलवर: ताबा डिसेंबर 2026 मध्ये. दुसरी: नमुना फ्लॅटमध्ये दिसतंय तसं मॉड्युलर किचन मिळेल. तिसरी: पोडियमवरची पार्किंगची जागा, सोबत नकाशा. चौथी: बाल्कनीसमोरचा मोकळा तुकडा बागेसाठी राखीव आहे, तिथे इमारत होणार नाही. नंतर करारनाम्यावर सही होते, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी होते. त्यात ताब्याची तारीख आहे जून 2028. किचनबद्दल ओटा आणि सिंक एवढाच उल्लेख आहे. पार्किंगपुढे ‘पोडियम, जागा क्रमांक 14’ असं लिहिलेलं आहे. बागेचं नावही नाही. आणि शेवटी ते संपूर्ण कराराचं कलम आहे.

चारही शब्द एकाच विक्री प्रतिनिधीने, एकाच आठवड्यात दिलेले. तरी कायद्यापुढे त्यांची गत चार तऱ्हांची होते.

ताब्याच्या तारखेचा निकाल सगळ्यात लवकर लागतो. एखादा करार लेखी झाला की त्यातल्या अटी सिद्ध करायला तो कागदच पुढे करावा लागतो, आणि त्या अटींना छेद देणारा किंवा त्यांत भर घालणारा तोंडी करार सांगता येत नाही, हा नियम 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम 91 आणि 92 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तिथे हीच तरतूद कलम 94 आणि 95 मध्ये आहे. म्हणजे संपूर्ण कराराचं कलम नसतं तरी करारनाम्यातल्या ‘जून 2028’ला मेलमधल्या ‘डिसेंबर 2026’ने खोडणं अवघडच होतं. मेल लेखी आहे, तोंडी नाही, असा युक्तिवाद कुणी केलाच, तर संपूर्ण कराराचं कलम नेमकी तीच फट बुजवतं. आधीचा पत्रव्यवहारही त्याने बाद ठरवलेला असतो.

हीच गोष्ट इंग्लंडमध्ये 2000 सालच्या एका निकालात फार स्पष्ट झाली. एका पबच्या भाडेकरूवर ठरावीक कंपनीकडूनच बिअर घेण्याचं बंधन होतं. मार्च 1998 पर्यंत त्यातून सोडवू, असा शब्द आपल्याला मिळाला होता, असं त्याचं म्हणणं. करारात मात्र संपूर्ण कराराचं कलम होतं. न्यायमूर्ती लाइटमन यांनी त्या कलमाचं प्रयोजन सांगितलं ते असं: वाटाघाटींच्या रानात शिरून, कधीतरी निसटलेलं एखादं वाक्य शोधून काढायचं आणि त्यावर हक्क उभा करायचा, ही वाट बंद करणं. तसा शब्द दिला गेला असेलही, पण दोघांनीच त्याला कराराची ताकद द्यायची नाही असं ठरवल्यावर तो करारात मोजला जात नाही.

हे शस्त्र दुधारी आहे, हे मात्र ग्राहकांच्या लक्षात येत नाही. जून 2028 उलटून गेल्यावर ‘परवानग्यांना वेळ लागणार हे आम्ही तुम्हाला बोललो होतो’ असं बिल्डरलाही म्हणता येत नाही. रेरा कायदा वैध ठरवताना मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं की ताब्याला झालेला उशीर विक्री करारनाम्यातल्या तारखेपासूनच मोजायचा. प्रकल्पाची नोंदणी करताना बिल्डरने पुढची तारीख दिली असली, तरी करारनाम्यातली तारीख त्यामुळे पुढे सरकत नाही.

आता किचन. इथे करारनामा आणि दिलेला शब्द यांच्यात थेट विरोध नाही, करारनामा मॉड्युलर किचनबद्दल गप्प आहे. कायद्यालाही हा फरक कळतो. कागद ज्या बाबतीत मौन बाळगतो आणि जी बाब कागदाशी विसंगत नाही, तिच्याबद्दलचा वेगळा तोंडी करार सिद्ध करता येतो, असं कलम 92 च्या दुसऱ्या परंतुकात होतं. पण लगेच एक सूचना जोडलेली होती: तो कागद किती औपचारिक आहे, हे न्यायालयाने पाहावं.

पुरावा कायद्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्या या कायद्यात त्याचं एक सुरेख उदाहरण दिलेलं आहे. एक माणूस राहायला खोल्या घेतो. व्यवहाराचा कागद म्हणजे नुसतं एक कार्ड, त्यावर ‘खोल्या, महिना 200 रुपये’ एवढंच. त्या पैशांत काही जेवणही धरलेलं होतं, असं तोंडी ठरल्याचं त्याला सिद्ध करता येईल. आता तोच माणूस वर्षभरासाठी खोल्या घेतो, पण वकिलाकडून रीतसर करार करून घेतो आणि त्यावर मुद्रांक लागतो. त्या करारात जेवणाचा शब्द नाही. मग जेवण धरलेलं होतं हे त्याला तोंडी सांगता येणार नाही. कार्डावर सगळं लिहिलेलं नसणार हे कुणालाही कळतं. रीतसर मुद्रांकित करारात मात्र जे नाही ते ठरलंच नव्हतं, असं कायदा मानून चालतो.

वाकडच्या जोडप्याचा नोंदणीकृत करारनामा उघडच दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यात फ्लॅटमध्ये काय काय देणार याची स्वतंत्र यादी आहे, आणि वर ते संपूर्ण कराराचं कलम. तेव्हा ‘करारानुसार किचन द्या’ ही मागणी टिकणं कठीण. पण मागणी वेगळ्या पायावर उभी करता येते. रेरा कायद्याचं कलम 12 सांगतं की सूचना, जाहिरात किंवा माहितीपत्रकातल्या मजकुरावरून, किंवा नमुना फ्लॅट पाहून एखाद्याने पैसे भरले, आणि त्यातल्या चुकीच्या किंवा खोट्या माहितीमुळे त्याचं नुकसान झालं, तर बिल्डरने त्याची भरपाई द्यायची. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह आणि भरपाईसह परत करायची. नमुना फ्लॅटचा उल्लेख कायद्यात थेट आहे. हा हक्क कायद्याने दिलेला असल्याने करारनाम्यातल्या अटीवर तो अवलंबून नाही.

इथे मुद्दा येतो तो क्रमाचा. पैसे त्या माहितीवरून भरले, हे दाखवावं लागतं. म्हणून बुकिंगची पावती आणि माहितीपत्रक यांच्या तारखा महत्त्वाच्या ठरतात. पैसे भरल्यानंतर महिन्याने हातात आलेल्या रंगीत पुस्तिकेवरून पैसे भरले, असं म्हणता येत नाही.

तिसरा शब्द, पार्किंगचा, साधा वाटतो आणि तिथेच अडचण निघते. करारनाम्यात ‘पोडियम, जागा क्रमांक 14’ आहे. प्रत्यक्षात प्रकल्पात दोन पोडियम आहेत आणि दोन्हीकडे 14 क्रमांकाची जागा आहे. कागद वाचताना वाक्यात काही खोट दिसत नाही, जागेवर गेल्यावर गोंधळ होतो. अशा वेळी आधीचा मेल आणि नकाशा वापरायला कायद्याची मुळीच हरकत नाही. त्याने करारात नवी अट घातली जात नाही, असलेल्या शब्दांचं बोट कुठल्या जागेकडे आहे एवढंच कळतं.

1872 च्या कायद्यात याचंही उदाहरण आहे. एक माणूस लेखी करार करतो की ‘माझा पांढरा घोडा’ हजार रुपयांना विकेन. त्याच्याकडे पांढरे घोडे दोन निघतात. मग कुठला घोडा अभिप्रेत होता, याचा पुरावा देता येतो. पण त्याच्या शेजारचं उदाहरण उलट्या टोकाचं आहे. घोडा ‘हजार रुपयांना किंवा दीड हजार रुपयांना’ विकायचं लिहिलं, तर नक्की कुठली किंमत ठरली होती याचा पुरावा देता येत नाही. इथे कागद स्वतःच अर्धवट आहे, आणि पक्षांनी जे ठरवून लिहिलंच नाही ते न्यायालय बाहेरच्या साक्षीने भरून देत नाही. पहिल्या प्रकारात शब्द पक्के आहेत, फक्त त्यांना लागू पडणाऱ्या वस्तू दोन आहेत. दुसऱ्यात शब्दच डळमळीत आहेत.

याच्याच जवळची, पण निराळी गोष्ट म्हणजे लिहिण्यातली चूक. सगळे मेल 804 क्रमांकाच्या फ्लॅटबद्दल आहेत, पैसे 804 चे भरले आहेत, आणि टंकलेखकाने करारनाम्यात 408 लिहिलं. दोघांच्याही नजरेतून ते सुटलं. विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 चं कलम 26 अशा दस्ताची दुरुस्ती करून मागण्याचा हक्क देतं. दोघांचा खरा हेतू काय होता, हे दाखवायला तिथे जुने मेल हाच सर्वांत भक्कम पुरावा असतो. मात्र चूक दोघांची असावी लागते, किंवा एकाने कपट केलेलं असावं लागतं. ‘मी नीट वाचलं नाही’ ही दोघांची चूक नव्हे.

उरला चौथा शब्द, आणि तोच सर्वांत जड. बाल्कनीसमोरचा तुकडा बागेसाठी राखीव आहे, असं मेलवर लिहिलं गेलं, तेव्हा त्याच तुकड्यावर दुसऱ्या टप्प्यातली इमारत मंजूर नकाशात दाखवलेली होती. हे पुढे काय करू याबद्दलचं आश्वासन नाही, त्या दिवशी वस्तुस्थिती काय होती याबद्दलचं विधान आहे, आणि ते खोटं आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 17 ते 19 मध्ये याची वासलात लावलेली आहे. कपटाने किंवा चुकीच्या कथनाने मिळवलेल्या संमतीवर उभा असलेला करार, फसलेल्या पक्षाला रद्द करून घेता येतो. आणि पुरावा कायद्याचं पहिलंच परंतुक सांगतं की कपट, चूक अशा ज्या गोष्टींनी दस्त निष्प्रभ होतो, त्या सिद्ध करायला लेखी कराराचा अडसर नाही.

संपूर्ण कराराच्या कलमाची मर्यादा इथे उघडी पडते. ते कलम सांगतं की मेलमधला शब्द कराराची अट नाही. पण फसवला गेलेला माणूस तो शब्द अट म्हणून मागतच नाही. त्याचं म्हणणं एवढंच असतं की हे खोटं सांगितलं नसतं तर मी सहीच केली नसती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कलमात आहे, दुसऱ्याचं नाही.

हे ओळखून चलाख वकील आणखी एक वाक्य जोडतात: ‘खरेदीदाराने विक्रेत्याच्या कोणत्याही कथनावर विसंबून हा करार केलेला नाही.’ इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2018 मध्ये असंच वाक्य तपासलं. पूर्व लंडनमधल्या बार्किंगच्या एका गोदामाचा भाडेकरार होता. करारापूर्वीच्या प्रश्नोत्तरांत घरमालकाने पर्यावरणाची किंवा घातक पदार्थांची काही अडचण आपल्याला माहीत नसल्याचं सांगितलं. नंतर अॅस्बेस्टॉसची माहिती त्याच्याकडे पोचली, तरी सही होण्यापूर्वी त्याने आपलं उत्तर बदललं नाही. न्यायालयाने म्हटलं की असं वाक्य म्हणजे खोट्या कथनाची जबाबदारी झटकण्याचाच प्रकार आहे, आणि इंग्लंडच्या 1967 च्या कायद्याप्रमाणे ते वाजवी असेल तरच चालेल. तिथे ते चाललं नाही. महाराष्ट्रातल्या फ्लॅटधारकाला तो कायदा लागू नाही, पण त्याच्याकडे रेराचं कलम 12 आहे, आणि रेराच्या तरतुदी त्यांच्याशी विसंगत असलेल्या इतर कायद्यांवरही मात करतात असं कलम 89 सांगतं.

ग्राहकाची बाजूही इथे तपासली जाते. साध्या चौकशीने खरं काय ते कळण्याजोगं होतं का, हा प्रश्न करार अधिनियमाच्या कलम 19 मध्येच आहे. मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर असतात. ‘तुम्ही पाहायला हवे होते’ हा बिल्डरचा हमखास जवाब असतो. उघड आणि जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानापुढे तो लंगडा पडतो, पण निष्पाप चुकीच्या बाबतीत त्याला वजन येतं.

कपटाच्याही पलीकडची पायरी म्हणजे दस्तच दिखाऊ असणं. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आणि 1981 साली निकाल लागलेल्या एका खटल्यात दोन हजार रुपयांच्या कर्जापोटी घराचं विक्रीखत करून दिलेलं होतं. कर्ज घेणाऱ्या बाईंचं म्हणणं होतं की हे विक्रीखत नावापुरतं होतं, ते अंमलात आणायचं नाही असंच ठरलं होतं. न्यायालयाने तोंडी पुरावा ग्राह्य धरला. दस्त खरा मानून त्यातल्या अटी वाकवायच्या असतील तर कलम 92 आडवं येतं. हा व्यवहार कधी झालाच नव्हता, असं सांगायचं असेल तर येत नाही.

यात एकतर्फी अटींचा प्रश्नही गुंतलेला आहे. एप्रिल 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुरुग्रामच्या एका प्रकल्पाबाबत ठरवलं की बिल्डरने स्वतःच लिहिलेल्या आणि ग्राहकाला सही करण्यावाचून गत्यंतर नसलेल्या एकतर्फी अटी ग्राहकावर अंतिम म्हणून लादता येत नाहीत. ग्राहक संरक्षण कायद्याखाली तो अनुचित व्यापारी व्यवहार ठरतो. म्हणून ग्राहक आयोग आणि रेरा प्राधिकरण मेल-माहितीपत्रकं दिवाणी न्यायालयापेक्षा मोकळेपणाने पाहतात. पण तिथेही स्पष्ट लिहिलेल्या तारखेपुढे किंवा किमतीपुढे आधीचा मेल सहजासहजी टिकत नाही.

मेलवर विसंबायचं तर तो पुरावा म्हणून उभा राहायला हवा. जालना विधानसभेच्या 2014 च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात जो खटला झाला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं की मूळ उपकरण न्यायालयात आणता येत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. आता ही तरतूद साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. व्हॉट्सअॅपच्या संभाषणाचा नुसता फोटो काढून मूळ संभाषण पुसून टाकणं, हा म्हणूनच सर्वांत वाईट मार्ग. मेल कंपनीच्या पत्त्यावरून आला की दलालाच्या खासगी खात्यावरून, हेही तपासलं जातं, कारण ‘तो आमचा माणूस नव्हता’ हा बचाव ठरलेला असतो.

सहीनंतर आलेल्या मेलचंही कोडं आहे. ताब्याच्या दोन महिने आधी ‘किचनचं आम्ही बघून घेऊ’ असं फोनवर कोणी म्हटलं, तर नोंदणी झालेला करार तोंडी बोलण्याने बदलत नाही. चौथं परंतुक अशा नंतरच्या तोंडी कराराला परवानगी देतं, पण जो करार कायद्याने लेखी असावा लागतो किंवा ज्याची नोंदणी झाली आहे, तो त्यातून वगळलेला आहे. तिथे पुरवणी करारनामा करून त्याची नोंदणीच करावी लागते.

तेव्हा फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात खरी ताकद असते ती सहीच्या आधी, आणि तिला एक ठरलेली मुदत आहे. रेराच्या कलम 13 प्रमाणे लेखी विक्री करारनामा करून त्याची नोंदणी होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. प्रकल्पाच्या करारनाम्याचा मसुदा महारेराच्या संकेतस्थळावर आधीच ठेवलेला असतो. तो समोर घेऊन मेलमधल्या चारही शब्दांवर खुणा करायच्या. ताब्याची तारीख मूळ मजकुरात बदलून मागायची. किचन परिशिष्टातल्या यादीत घालायला सांगायचं. पार्किंगच्या बाबतीत महारेराने 2024 पासून जागेचा क्रमांक, लांबी-रुंदी-उंची आणि इमारतीतलं नेमकं ठिकाण करारात जोडायला सांगितलं आहे, तेव्हा दोन पोडियमचा गोंधळ तिथेच मिटतो. आणि समोरच्या तुकड्याबद्दल एकच ओळ लिहून मागायची: मंजूर नकाशानुसार त्यावर बांधकाम प्रस्तावित नाही. हे वाक्य लिहायला बिल्डर कां-कूं करू लागला, तर तुकड्यावर काय होणार आहे याचा अंदाज दहा टक्क्यांच्या आतच येतो.